घाणेवाल्याच्या हिशेबातून लिहिलेली ई-मेल

दुपारचे तीन वाजलेत. लाकडी घाणा थांबलाय. सकाळी निघालेलं शेंगदाणा तेल स्टीलच्या पिंपात निवळायला ठेवलंय, कोपऱ्यात पेंडीची पोती आहेत. मालक गल्ल्यावर बसून मोबाइल उघडतात आणि त्यांना एक ई-मेल दिसते : 'आमचं चॅनल झपाट्याने वाढत असून २१ हजारांहून अधिक सबस्क्रायबर आहेत. आपल्यासोबत कोलॅब करण्यास उत्सुक आहोत. दरपत्रक सोबत जोडलं आहे.' ते अर्ध्यावरच ती बंद करतात आणि त्यांचं काही चुकत नाही. त्या मजकुरात त्यांच्या दुकानाबद्दल एक अक्षर नसतं. तेलाच्या जागी साडी किंवा शिकवणी वर्ग घातला, तरी ई-मेल तशीच राहते.

गावातल्या व्यावसायिकाकडे प्रायोजित व्हिडिओचे पैसे मागणारी ई-मेल कशी लिहावी, हे आपण एका उदाहरणातून पाहू. समजा, मिरजेतली एक गृहिणी स्वयंपाकाचं यूट्यूब चॅनल चालवते. दिवाळीच्या फराळाच्या व्हिडिओसाठी तिला शहरातल्या एका लाकडी घाण्याच्या मालकांना विचारायचं आहे. आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. हिशेबाची रीत मात्र जशीच्या तशी वापरता येईल.

तिने आधी सबस्क्रायबरचा आकडा बाजूला ठेवावा. घाणेवाल्याला हवं ते एवढंच, की येणारा व्हिडिओ किती लोक पाहतील आणि त्यातले किती जण त्याच्या दुकानापर्यंत येऊ शकतील. त्यासाठी मागच्या दहा व्हिडिओंचे पहिल्या तीस दिवसांतले व्ह्यूज कागदावर मांडायचे. नऊ व्हिडिओ साडेसहा हजारांच्या आसपास आहेत आणि उकडीच्या मोदकांचा एकच व्हिडिओ १ लाख ८० हजारांवर गेलाय. सरासरी काढली तर ती जवळपास २४ हजार येते. पण ती एका मोदकाची कमाई आहे, चॅनलची नव्हे. आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घेतला तर साडेसहा हजारच मिळतात. ई-मेलमध्ये हाच आकडा द्यायचा. सरासरी सांगून पैसे घेतले आणि व्हिडिओ सात हजारांवर थांबला, तर ते गिऱ्हाईक दुसऱ्यांदा दारात उभं करत नाही.

मग प्रेक्षक कुठले आहेत ते पाहायचं. संगणकावर यूट्यूब स्टुडिओ उघडून Analytics मधल्या Advanced mode मध्ये गेलं, की शहरांनुसार व्ह्यूज दिसतात. आपल्या उदाहरणात मिरज, सांगली, कोल्हापूर आणि इचलकरंजी मिळून १८ टक्के व्ह्यूज आहेत, म्हणजे साडेसहा हजारांपैकी ११७०. बाकीचे पुण्या-मुंबईचे किंवा त्याहून लांबचे. घाणेवाले कुरिअरने तेल पाठवत नसतील, तर ते प्रेक्षक त्यांच्या कामाचे नाहीत. हा आकडा अंदाजी असतो, कारण मोबाइल नेटवर्कमुळे मिरजेतला माणूस कधीकधी मोठ्या शहरातला दिसतो. म्हणून चॅनलवर 'तुम्ही कुठून पाहता?' असा कौल घेतला तर दोन्ही उत्तरं ताडून पाहता येतात. स्क्रीनशॉट जोडताना त्यावर कालावधी दिसला पाहिजे. तारीख कापलेला स्क्रीनशॉट व्यापारी माणूस लगेच ओळखतो.

आता हे ११७० व्ह्यूज मालकांच्या वहीत नेऊन ठेवू. धरून चाला, त्यांना लिटरमागे ६० रुपये सुटतात. व्हिडिओचे १२ हजार रुपये मागितले, तर तेवढे भरून यायला २०० लिटर तेल जास्तीचं खपलं पाहिजे. एका घराला महिन्याला चार लिटर लागत असेल, तर दहा नवी घरं पाच महिने टिकली की पैसे वसूल होतात. म्हणजे मालकांपुढचा खरा प्रश्न असा : या व्हिडिओतून दहा घरं येतील का?

उत्तर बरंचसं तेलाचा भाग व्हिडिओत कुठे येतो यावर ठरतं. प्रेक्षक किती वेळ टिकतात याचा आलेख स्टुडिओत दिसतो आणि तो सुरुवातीपासून उतरत जातो. समजा, दुसऱ्या मिनिटाला ६० टक्के प्रेक्षक उरतात आणि शेवटच्या मिनिटाला २५ टक्के. तेलाचा भाग दुसऱ्या मिनिटाला आला, तर जवळपासचे सुमारे ७०० जण तो पाहतील. शेवटी आला तर २९० च्या आसपास. दहा घरं मिळवायला पहिल्या वेळी सत्तरांतला एक जण पुरतो, दुसऱ्या वेळी एकोणतिसांतला एक लागतो. काम तेच, पैसे तेच, पण दुकानाला मिळणारं दान निम्म्याहून कमी. म्हणून 'एक व्हिडिओ' एवढं लिहून भागत नाही. कितव्या मिनिटाला आणि किती सेकंद, हेही देण्याघेण्यात लिहावं लागतं.

व्हिडिओत काय दाखवायचं, हे सुचायला मात्र दुकानातच उभं राहावं लागतं. घाण्यावर रोज ऐकू येणारा प्रश्न म्हणजे 'एवढं महाग का?' त्याचं उत्तर डोळ्यांना दाखवता येतं : एक लिटर तेलाला साधारण अडीच किलो शेंगदाणे लागतात आणि काढलेलं तेल दोन-तीन दिवस निवळावं लागतं. दुसरी तक्रार तळणीची. रिफाइंड न केलेल्या तेलाला धूर लवकर सुटतो, कधी फेसही येतो, आणि पहिल्यांदा नेणाऱ्याला तेल खराब वाटतं. आच किती ठेवायची हे चकली तळताना दाखवलं, तर ते गिऱ्हाईक पहिल्या डब्यावर थांबत नाही. मालकांना गल्ल्यावर दिवसातून वीसदा सांगावं लागतं ते व्हिडिओ एकदाच नीट सांगेल. ई-मेलमधली कल्पना हीच.

आणि 'हृदयाला चांगलं', 'कोलेस्टेरॉल उतरतं' असली वाक्यं? मालक ती आग्रहाने मागतील, म्हणून नकार ई-मेलमध्येच लिहून टाकायचा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार उत्पादकाला आणि शिफारस करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा घडलं तर ५० लाखांपर्यंत. पैसे घेतल्याचं लपवणंही चालत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनाप्रमाणे व्हिडिओ ज्या भाषेत आहे त्याच भाषेत, पडद्यावर आणि बोलण्यातही ते सांगावं लागतं. खालच्या वर्णनात बारीक अक्षरांत टाकून काम होत नाही.

एवढी तयारी झाली की ई-मेल छोटी होते. दिवाळीच्या साधारण सात आठवडे आधी ती अशी जावी :

विषय : चकलीच्या व्हिडिओत तुमचं शेंगदाणा तेल (सशुल्क प्रस्ताव)

नमस्कार काका,

मी मिरजेतच राहते आणि यूट्यूबवर मराठी स्वयंपाकाचं चॅनल चालवते. मागच्या महिन्यात तुमच्याकडून दोन लिटर तेल नेलं होतं. तेव्हा एक ताई 'एवढं महाग का?' विचारत होत्या आणि तुम्ही त्यांना शेंगदाणे दाखवून समजावत होतात. तेच माझ्या चकलीच्या व्हिडिओत दाखवावं असं वाटतं.

प्रेक्षक : माझा एक व्हिडिओ ३० दिवसांत साधारण ६,५०० वेळा पाहिला जातो. त्यातले अंदाजे १,१७० व्ह्यूज सांगली-मिरज-कोल्हापूर-इचलकरंजी भागातले असतात. मागच्या ९० दिवसांचा स्क्रीनशॉट जोडला आहे.

मी काय देईन :
१. आठ मिनिटांचा चकलीचा व्हिडिओ. त्यात दुसऱ्या मिनिटापासून ७५ सेकंद तुमचा घाणा, तेल आणि तळणीची आच.
२. इन्स्टाग्रामवर ४० सेकंदांचं एक रील, तुमच्या पेजसोबत.
३. दुकानाचा पत्ता आणि फोन वर्णनात आणि पहिल्या कमेंटमध्ये.
४. प्रसिद्धीच्या चार दिवस आधी व्हिडिओ तुम्हाला दाखवीन. एकदा बदल करून देईन.
५. रील तुम्ही सहा महिने तुमच्या व्हॉट्सॲपवर आणि पेजवर वापरू शकता. पैसे भरून जाहिरात म्हणून चालवायचं असल्यास वेगळे ४,००० रुपये.
६. त्यानंतर ६० दिवस दुसऱ्या तेलाची जाहिरात करणार नाही.

व्हिडिओ दिवाळीच्या तीन आठवडे आधी येईल. मोबदला १२,००० रुपये. निम्मे चित्रीकरणाआधी, निम्मे व्हिडिओ आल्यावर. व्हिडिओत 'सशुल्क जाहिरात' असं लिहीन आणि सांगेन. आजार बरा होण्याबद्दलचा दावा घेता येणार नाही. किती विक्री होईल याची हमी मी देऊ शकत नाही, पण ३० दिवसांनी सगळे आकडे तुमच्यासमोर ठेवीन.

गुरुवारी दुपारी तीनला दुकानात येऊन भेटू का?

या मजकुरात 'एकदा बदल' हे शब्द नसतील, तर काकांचा मुलगा, जावई आणि शेजारचा छायाचित्रकार मिळून पाच वेळा बदल सुचवतात आणि दिवाळी निघून जाते. वापराची मुदत नसेल, तर तेच रील तीन वर्षांनी पैसे भरून चालवलेल्या जाहिरातीत दिसतं. रक्कम लिहिली नसेल, तर काका दोन डबे तेल पुढे करतात, कारण त्यांना तो मोबदलाच वाटतो. म्हणून या तीन ओळी कधी गाळू नयेत.

ई-मेल पाठवून गप्प बसायचं नाही, कारण लहान दुकानात ती बहुधा घरातलं तरुण माणूस वाचतं. तीन-चार दिवसांनी, गर्दी नसेल अशा वेळी एकदा फोन करावा. नको म्हणाले, तर पुढच्या दिवाळीपर्यंत पुन्हा विचारू नये.

हो म्हणाले, तर एक काम चित्रीकरणाआधीच ठरवून घ्यावं. व्हिडिओ पाहून येणाऱ्याने गल्ल्यावर 'चकली' म्हणायचं आणि त्याला पन्नास ग्रॅम तीळ मोफत द्यायचे. काकांनी वहीच्या शेवटच्या पानावर दर वेळी एक रेघ ओढायची आणि तोच माणूस दुसऱ्या महिन्यात परत आला, तर त्या रेघेला आडवी काट द्यायची. व्ह्यूजचा आकडा चॅनलवालीच्या पडद्यावर असतो, पण या रेघा दुकानदाराच्या हाताने ओढलेल्या असतात. दोन महिन्यांनी हिशेबाला बसल्यावर त्या पानावर दहा काटलेल्या रेघा असतील, तर पुढच्या वर्षीची ई-मेल काकाच पाठवतील. चार असतील, तर तिने ते स्वतःहून मान्य करून पुढच्या वेळचा मोबदला कमी सांगावा.