हप्ता कोणाच्या पगारातून?

शैक्षणिक कर्जाच्या करारावर मुलाच्या सहीखाली आईची किंवा वडिलांची सही असते, सहकर्जदार म्हणून. रक्कम मोठी असेल तर राहत्या घराचे कागदही तारण जातात. तरी परदेशी शिक्षणाची जाहिरात, सेमिनार, मेल हे सगळं येतं मुलांच्या मोबाईलवर. आई-वडिलांशी बोलणं होतं ते सगळं ठरल्यावर, बँकेत जायची वेळ आली की. म्हणून आमच्या पुण्यातल्या छोट्याशा सल्ला कार्यालयातून दर जानेवारीत इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांच्या घरी जो मेल जातो, तो पालकांच्या नावे असतो. यंदा तो ब्रिटनच्या एका वर्षाच्या एमएस्सीबद्दल आहे. चौकशीला येणारी बरीच घरं तोच पर्याय मनात धरून येतात: एका वर्षात पदवी, पुढे नोकरीसाठी व्हिसा, भाषेचा प्रश्न नाही.

मेलची सुरुवात आम्ही आमच्या पैशापासून करतो. सल्लागार ‘मोफत’ मार्गदर्शन करतो तेव्हा त्याचं बिल विद्यापीठ भरत असतं. ब्रिटनमधली बहुतेक विद्यापीठं एजंटला पहिल्या वर्षाच्या फीवर टक्केवारीने कमिशन देतात. फी 20,000 पौंड आणि कमिशन 15 टक्के धरलं, तर एका प्रवेशामागे 3,000 पौंड, म्हणजे साधारण साडेतीन लाख रुपये. यात बेकायदा काही नाही. पण विद्यापीठांची यादी समोर ठेवणाऱ्या माणसाला कोणत्या नावामागे पैसे मिळतात आणि कोणत्या नावामागे नाही, हे पालकांना माहीत असायला हवं. जर्मनीतली सरकारी विद्यापीठं असं कमिशन देत नाहीत. मोफत सल्ला देणाऱ्याच्या यादीत ती का दिसत नाहीत, याचं उत्तर बऱ्याचदा इतकं साधं असतं. विद्यापीठागणिक आमचं कमिशन किती, हे आम्ही मेलमध्येच लिहितो. सुरुवातीला काही पालक दचकतात, पण मग प्रश्न विचारायला मोकळे होतात.

दुसरा भाग खर्चाचा. माहितीपुस्तिकेत फीचा आकडा ठळक असतो आणि बाकीचं बारीक अक्षरात. आम्ही एकच उदाहरण शेवटपर्यंत सोडवून दाखवतो. लंडनबाहेरचं विद्यापीठ, फी 20,000 पौंड. 2025 च्या अखेरचे सरकारी दर आणि हिशेबाच्या सोयीसाठी एक पौंड म्हणजे 120 रुपये धरू. फीचे झाले 24 लाख. राहण्या-जेवण्यासाठी ब्रिटनचं गृहखातं लंडनबाहेर महिन्याला 1,171 पौंड गृहीत धरतं. व्हिसासाठी नऊच महिन्यांचे दाखवावे लागतात, पण मूल बारा महिने जेवणार आहे, त्यामुळे हे जवळपास 17 लाख. व्हिसाची फी 524 पौंड. शिवाय आरोग्य अधिभार वर्षाला 776 पौंड, आणि व्हिसा अभ्यासक्रमापेक्षा काही महिने जास्त असल्याने तो दीड वर्षाचा भरावा लागतो. हे दोन्ही मिळून दोन लाख. आयईएलटीएस, क्षयरोगाची तपासणी, विमान, थंडीचे कपडे, खोलीची अनामत असं दीड लाख धरा. बेरीज साडेचव्वेचाळीस लाख. रुपया पाच रुपयांनी घसरला तर त्यात आणखी पावणेदोन लाखांची भर.

इथे हमखास प्रश्न येतो: ‘पार्टटाइम करून निघेल ना थोडं?’ थोडं निघेल. सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करता येतं. 21 वर्षांवरच्यांसाठी 2025-26 चं किमान वेतन तासाला 12.21 पौंड आहे. म्हणजे दर आठवड्याला पूर्ण 20 तास मिळाले, तर महिन्याला हजार-साडेदहाशे पौंड. पण विद्यार्थ्यांच्या गावात सप्टेंबरमध्ये हजारो मुलं एकाच वेळी त्याच हॉटेलांच्या दारात उभी असतात, आणि पहिले काही महिने बऱ्याच जणांना काम मिळतच नाही. मिळालं तर घरभाडं आणि किराणा भागतो. फी त्यातून भरता येत नाही. गृहखात्यालाही हे ठाऊक असल्यामुळे व्हिसाच्या वेळी ही संभाव्य कमाई ते धरतच नाहीत.

पैसे दाखवण्याचा नियम वाचायला सोपा, पण त्यात अडकणारी घरं कमी नाहीत. उरलेली फी आणि नऊ महिन्यांचा खर्च एवढी रक्कम खात्यात सलग 28 दिवस असावी लागते, आणि त्या 28 दिवसांचा शेवट व्हिसाचा अर्ज करण्याच्या आधीच्या 31 दिवसांत यावा लागतो. या काळात एक दिवस जरी शिल्लक खाली गेली, तरी अर्ज नाकारला जाऊ शकतो. लग्नाचं बुकिंग असो की सोसायटीचा हप्ता, त्या महिन्यात त्या खात्याला हात लावायचा नाही. खातं वडिलांचं असेल तर मुलाचा जन्मदाखला आणि वडिलांचं संमतिपत्र जोडावं लागतं. नियमात बसणारं बँकेचं शैक्षणिक कर्जाचं पत्र असेल तर त्या रकमेला 28 दिवसांची अट लागत नाही. शेजाऱ्याकडून महिन्यापुरते पैसे घेऊन खातं फुगवून देतो, असं कोणी म्हणालं तर तिथून उठावं.

मेलचा तिसरा भाग लिहायला सर्वांत अवघड जातो, कारण तो निकालांचा आहे. ‘95 टक्के विद्यार्थी नोकरीत’ असं वाक्य दिसलं की कसली नोकरी, असं विचारायला हवं. ब्रिटनमध्ये पदवीनंतर साधारण 15 महिन्यांनी माजी विद्यार्थ्यांची पाहणी होते. ‘नोकरीत किंवा पुढील शिक्षणात’ या एका रकान्यात सॉफ्टवेअर इंजिनीअर येतो आणि गोदामात खोकी लावणाराही. शिवाय परदेशी विद्यार्थी या पाहणीला तुलनेने कमी उत्तरं देतात, त्यामुळे आकडा मुख्यतः तिथल्याच मुलांचा असतो. आपल्या मुलासाठी कामाचा आकडा वेगळाच आहे: भारतातून गेलेल्यांपैकी किती जणांना स्किल्ड वर्कर व्हिसा देणारी नोकरी लागली?

तो व्हिसा सहज मिळत नाही. कंपनीकडे परदेशी माणूस नेमण्याचा परवाना हवा, काम पदवीधराच्या पातळीचं हवं आणि पगार ठरलेल्या मर्यादेच्या वर हवा. जुलै 2025 पासून ही मर्यादा वर्षाला 41,700 पौंड आहे. नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्यांना सवलत मिळून ती किमान 33,400 पर्यंत खाली येते, पण त्या विशिष्ट कामाचा प्रचलित दर जास्त असेल तर त्याचाही हिशेब लागतो. लहान शहरातल्या अनेक सुरुवातीच्या नोकऱ्या इथेच बाद होतात. परवानाधारक कंपन्यांची यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. मात्र यादीत नाव असणं आणि नवख्याला स्पॉन्सर करणं यांत फरक आहे.

अशी नोकरी शोधायला वेळ मिळावा म्हणून पदवीनंतर ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो. त्यात स्पॉन्सर लागत नाही, कोणतंही काम चालतं. आतापर्यंत तो दोन वर्षांचा होता. 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांना आणि एमएस्सीवाल्यांना तो 18 महिनेच मिळेल. आत्ता शेवटच्या वर्षाला असलेलं मूल सप्टेंबर 2026 मध्ये गेलं, तर त्याची पदवी 2027 च्या उत्तरार्धात पूर्ण होईल. म्हणजे त्याच्या वाट्याला 18 महिनेच. दोन वर्षांपूर्वी गेलेल्या मावसभावाचा अनुभव इथे उपयोगाचा नाही. या व्हिसाची फी आणि अधिभार मिळून आणखी तीन लाखांच्या आसपास जातात, ते वरच्या बेरजेत धरलेले नाहीत.

आणखी एक गोष्ट मुलं तिथे पोचल्यावर शिकतात, ती आधी कळली तर बरं. ब्रिटनमधल्या मोठ्या कंपन्यांच्या पदवीधर भरतीचे बरेच अर्ज आदल्या वर्षीच्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये घेतले जातात. एका वर्षाच्या एमएस्सीसाठी गेलेलं मूल तेव्हा नुकतंच विमानातून उतरलेलं असतं, खोली शोधत असतं. अभ्यासक्रम संपल्यावर नोकरी बघू असं म्हणेपर्यंत भरतीची एक पूर्ण फेरी निघून गेलेली असते. ज्यांचं जमतं, त्यांच्यापैकी बरेच जण इथूनच सीव्ही तयार करून जातात.

आता कर्ज. साडेचव्वेचाळीसपैकी साडेनऊ लाख घरातून, 35 लाख बँकेकडून, व्याज 11 टक्के. अभ्यासक्रम आणि त्यापुढचे सहा महिने हप्ता नसतो, पण व्याज चढतच राहतं. पैसे टप्प्याटप्प्याने उचलले तरी हप्ता सुरू होईपर्यंत कर्ज 40 लाखांच्या घरात जातं. दहा वर्षांसाठी महिन्याचा हप्ता सुमारे 55,000 रुपये, पंधरा वर्षांसाठी 45,000.

मुलाला तिथे 33,400 पौंडांची नोकरी लागली, तर कर आणि राष्ट्रीय विमा जाऊन महिन्याला 2,300 पौंडांच्या जवळपास हातात येतात. काटकसरीने राहिलं तर आठ-नऊशे पौंड उरतात, म्हणजे लाखभर रुपये. हप्ता निघतो, वर काही शिल्लकही राहते. हे चित्र खरं आहे, आणि सेमिनारमध्ये हेच दाखवतात. दुसरं चित्रही तितकंच खरं आहे. 18 महिन्यांत स्पॉन्सर मिळाला नाही, मूल परत आलं आणि पुण्यात वर्षाला सात लाखांची नोकरी लागली. हातात येणार पन्नास हजार. दहा वर्षांच्या हप्त्यालाही ते पुरत नाहीत, मग खोलीचं भाडं आणि डबा दूरच. तेव्हा हप्ता वडिलांच्या पगारातून जातो, आणि वडील निवृत्त झाले असतील तर त्यांच्या फंडातून.

म्हणून आमच्या मेलमध्ये एक कसोटी ठळक अक्षरांत असते. मूल परत येऊन इथल्या पगारावर काम करू लागलं आणि त्याच्या पगाराच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त हप्ता बसत असेल, तर वरचा भार कोण किती वर्षं उचलणार हे आजच नावासकट लिहून काढा. उत्तर असेल तर जरूर पाठवा. नसेल तर कर्ज कमी करा, शिष्यवृत्ती मिळेपर्यंत एक वर्ष थांबा किंवा देश बदला. जर्मनीत बहुतेक राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही (बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात सत्राला 1,500 युरो आहे, आणि म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठही आता घेतं). तिथे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो, म्हणजे बारा-साडेबारा लाख दाखवावे लागतात आणि त्यातूनच राहायचं असतं. मात्र अभ्यासक्रम सहसा दोन वर्षांचा आणि नोकरीसाठी जर्मन चांगलं यावं लागतं. ते शिकायला वर्ष-दीड वर्ष जातं, म्हणजे शेवटच्या वर्षात विचार सुरू केला तर उशीरच झालेला असतो. अनुसूचित जातीतल्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या अटी आणि तारखा समाजकल्याण खात्याकडे थेट पाहाव्यात, एजंटकडून नव्हे.

ऑफर लेटर आलं की विद्यापीठ डिपॉझिटसाठी मुदत देतं, ती बहुधा काही हजार पौंडांची असते, आणि घाई तिथेच होते. ती भरण्याआधी सल्लागाराला तीन गोष्टी लेखी विचारा: या प्रवेशावर तुम्हाला किती कमिशन मिळणार, व्हिसा नाकारला किंवा आम्ही माघार घेतली तर डिपॉझिट कोणत्या अटींवर परत मिळेल, आणि गेल्या दोन वर्षांत तुमच्याकडून याच अभ्यासक्रमाला गेलेल्यांपैकी किती जण आज स्किल्ड वर्कर व्हिसावर आहेत. ज्यांच्याकडून लेखी उत्तर येत नाही, त्यांच्यामार्फत डिपॉझिट भरू नका.