बटण दाबलं, तरी पोस्ट गेली
(समाजमाध्यमांचं कामकाज : लेखांक ९)

महिनाभराच्या पोस्ट आधीच लावून ठेवायच्या कशा, ते मागच्या लेखात पाहिलं. त्या लावलेल्या पोस्ट ऐन वेळी थांबवायच्या कशा, ते आज पाहू.

१२ जून २०२५, गुरुवार. दुपारी १.३९च्या सुमारास अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळलं. विमानातल्या २४२ जणांपैकी २४१ जण गेले. तेव्हा आम्ही एका प्रवास कंपनीची पानं सांभाळत होतो. बातमी कळताच सहकाऱ्याने शेड्यूलिंगच्या टूलमधलं 'सगळं थांबवा' हे बटण दाबलं. अडीचची इन्स्टाग्रामची रील थांबली. पण तीन वाजता फेसबुकवर विमानाच्या खिडकीचा फोटो आणि 'चला, उडूया!' ही ओळ झळकली. चार मिनिटांत आम्ही ती काढली. तेवढ्यात खाली एका बाईंनी लिहिलं होतं, "थोडी तरी लाज बाळगा." त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच लिहिलं असतं.

बटण दाबूनही पोस्ट गेली, कारण ती टूलमध्ये नव्हतीच. फेसबुकच्या पानावर वेळ लावून पोस्ट दिली, की ती थेट फेसबुकच्या सर्व्हरवर जाऊन बसते आणि वेळ झाली की तिथूनच निघते. आमची ती पोस्ट कुणीतरी घाईत मेटा बिझनेस सूटमधून लावली होती. टूलला तिचा पत्ताच नव्हता. रील मात्र टूलच्या स्वतःच्या रांगेत होती, म्हणून अडली. चालू असलेल्या जाहिराती, एसएमएस, ॲपवरून जाणाऱ्या सूचना यांच्या रांगाही अशाच वेगवेगळ्या असतात. त्यानंतर आम्ही दोन गोष्टी केल्या. सगळ्या रांगांची यादी भिंतीवर लावली, आणि पोस्ट एकाच टूलमधून जाईल असा नियम घातला. त्या टूलमध्ये 'थांबलंय का?' ही तपासणी पोस्ट रांगेत टाकताना होऊन उपयोगाची नाही. ती पाठवण्याच्या अगदी आधीच्या क्षणी व्हावी लागते:

```python
if hold_active(post.brand) and not post.urgent:
    post.status = "HELD"
else:
    publish(post)
```

यातलं `urgent` महत्त्वाचं आहे. आपल्याच कंपनीवर प्रसंग ओढवला, तर हेल्पलाइनचा नंबर त्याच पानावरून लोकांपर्यंत पोहोचायला हवा. सरसकट कुलूप घातलं तर तोही आत अडकतो.

आता हे आपोआप व्हायचं कसं? बातम्यांच्या मथळ्यांवर नजर ठेवणारा प्रोग्राम ठरावीक शब्द दिसले की रांग थांबवतो. आमची पहिली शब्दयादी इंग्रजी होती, त्यामुळे मराठी मथळे तिच्यातून निसटायचे. मग 'ठार', 'चेंगराचेंगरी', 'दरड कोसळली', 'स्फोट' असे शब्द घातले. आठवडाभरात 'स्फोटक खेळी' या क्रिकेटच्या मथळ्याने सगळी रांग अडवली. शेवटी असं ठरवलं, की दोन वेगळ्या वृत्तसंस्थांकडे काही मिनिटांच्या अंतरात तीच घटना दिसली तरच थांबायचं. तरीही चुकून थांबेलच, आणि ते मला चालतं. विनाकारण थांबलेली पोस्ट तासाभराने जाते; नको तेव्हा गेलेलीचा स्क्रीनशॉट कायम राहतो. म्हणून थांबवण्याचा अधिकार यंत्राला, सोडण्याचा फक्त माणसाला.

संकट आपल्याच नावावर असेल तर मथळ्यांची वाट पाहू नये. आपल्या नावाचे उल्लेख एरवी त्याच वारी, त्याच तासाला किती असतात ते माहीत असावं, आणि ते एकदम कित्येक पट झाले की रांग अडवावी. जानेवारी २०१३मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये विकल्या जाणाऱ्या बीफ बर्गरमध्ये घोड्याचं मांस सापडलं आणि त्यात टेस्को ही दुकानसाखळी अडकली. त्याच दिवसांत टेस्कोच्या ग्राहकसेवेच्या खात्यावरून रात्रीचा निरोप घेणारं ट्वीट गेलं. झोपायला जाण्यासाठी त्यात जो इंग्रजी वाक्प्रचार वापरला होता, त्याचा शब्दशः अर्थ वाळल्या गवतावर अंग टाकणं असा होतो. कंपनीला माफी मागावी लागली. ट्वीट प्रकरण कळण्याआधीच लावून ठेवलेलं होतं. त्यात एकही वाईट शब्द नव्हता, त्यामुळे पोस्टमधले शब्द चाळणाऱ्या कुठल्याही यंत्राने ते जाऊ दिलं असतं. म्हणून अशा वेळी निवडक नव्हे, सगळी रांग थांबवावी.

सोडताना घाई नको. काही टूल थांबा उठताच राहून गेलेल्या सगळ्या पोस्ट एकापाठोपाठ सोडून देतात. आपलं टूल काय करतं ते एखाद्या शांत दिवशी चाचणीच्या खात्यावर करून पाहावं. आम्ही अडलेल्या पोस्ट मसुद्यात परत पाठवतो आणि एकेक मोठ्याने वाचतो. जूनमधल्या त्या रांगेत अकरा पोस्ट होत्या. सहा दिवसांनी सात सोडल्या, तीन पोस्टचा मजकूर बदलला. रील काढूनच टाकली.