पार्सल पोहोचविणाऱ्याचा जमाखर्च (प्राप्तिकर लेखमाला, लेखांक ७)

गेल्या आठवड्यात आपण पगारदाराचे उत्पन्न आणि धंद्याचे उत्पन्न यांतील भेद पाहिला. आज त्याच भेदाच्या सीमेवर उभ्या असलेल्या, आणि म्हणूनच हिशेबाच्या बाबतीत सर्वांत अधिक गोंधळात पडलेल्या, एका कष्टकऱ्याचा विचार करावयाचा आहे. डहाणूहून पार्सलांची पिशवी पाठीवर घेऊन घोलवड, बोर्डी करीत तलासरी तालुक्याच्या टोकाला असलेल्या झाईपर्यंत, जेथे महाराष्ट्राचा किनारा संपून गुजरातच्या उंबरगाव तालुक्याची हद्द लागते तेथपर्यंत, स्वतःची मोटारसायकल घेऊन रोज जाणारा तरुण हा आपल्या भागात आता नित्याचा झाला आहे. त्याला पगारपत्रक मिळत नाही आणि त्याचे दुकानही नसते. दर पार्सलामागे ठरलेली रक्कम आठवड्याने अथवा महिन्याने त्याच्या खात्यात जमा होते. कायद्याच्या दृष्टीने तो बहुधा कोणाचा नोकर नसून स्वतंत्र कंत्राटी व्यावसायिक असतो, आणि त्याचे उत्पन्न ‘धंदा अथवा व्यवसाय यांपासूनचा नफा’ या शीर्षाखाली येते.

‘बहुधा’ हा शब्द मी हेतुपुरस्सर वापरला आहे, कारण आपण कोणत्या वर्गात मोडतो हे चालकाने तर्काने ठरवू नये, तर दप्तरावरून ठरवावे. प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर मिळणाऱ्या २६-एएस या पत्रकात कंपनीने किंवा तिच्या ठेकेदाराने आपल्या नावावर किती रक्कम दाखविली, मुळातून किती कर कापला आणि तो कोणत्या कलमाखाली कापला, याची नोंद असते. तेथे कलम १९४-सी असेल तर देणाऱ्याने ही रक्कम कंत्राटी कामाचा मोबदला मानली आहे. व्यक्तीच्या बाबतीत ही कपात शेकडा एक दराने होते. कलम १९२ दिसले तर तो पगार होय, आणि मग पेट्रोलची वजावट मागण्याचा प्रश्नच उरत नाही. कलम १९४-एच दिसले तर देणाऱ्याने ती रक्कम दलाली मानली आहे, आणि दलालीच्या उत्पन्नाला पुढे सांगितलेल्या अनुमानित नफ्याच्या सवलतीचे दार बंद आहे. प्रवासी मोटार ॲपवर चालविणाऱ्याच्या पत्रकात १९४-ओ हे कलम येऊ शकते, ज्याचा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून शेकडा एकावरून शेकडा एक दशांशावर आला आहे. म्हणून हिशेबाला बसण्यापूर्वी हे पत्रक उघडणे ही पहिली पायरी समजावी.

दुसरी पायरी जमेची. “भाऊ, बँकेत आलं तेच माझं उत्पन्न,” असे चालक सहजपणे म्हणतो, आणि येथेच पहिली चूक घडते. बँकेत येणारी रक्कम ही कर, दंड, पिशवी-गणवेशाची किंमत इत्यादी वजा होऊन आलेली असते. कायद्याला प्रथम एकंदर जमा हवी असते. प्रवासी मोटारीच्या बाबतीत हा फरक फारच मोठा होतो: प्रवाशाने ३०० रुपये भाडे दिले, कंपनीने ६० रुपये आपल्याकडे ठेवले आणि चालकाला २४० मिळाले, तर जमा ३०० आणि कंपनीचा हिस्सा ६० हा खर्च. प्रवाशाने रोख हातात दिलेले भाडेही त्याच जमेत धरावयाचे. खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात मोठा आकडा आणि विवरणपत्रात लहान आकडा अशी विसंगती निर्माण झाली की चौकशीचे पत्र येते, आणि मग प्रामाणिक माणसालाही खुलासे करीत बसावे लागते.

आता एक कल्पित परंतु वास्तवाला धरून असलेले उदाहरण सविस्तर सोडवू. आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये आपल्या पार्सलवाहकाला महिन्याला सरासरी २६,००० प्रमाणे ३,१२,००० रुपये मिळावयाचे होते. त्यांतून ३,१२० रुपये कर कापला गेला आणि खात्यात ३,०८,८८० जमा झाले. जमेच्या बाजूला ३,१२,००० लिहावयाचे. कापलेला कर हा खर्च नव्हे. तो सरकारजमा झालेली त्याचीच रक्कम आहे.

खर्चाच्या बाजूला पेट्रोल हा सर्वांत मोठा आणि सर्वांत निष्काळजीपणे लिहिला जाणारा आकडा. कित्येक जण पार्सलांच्या संख्येवरून पेट्रोलचा अंदाज बांधतात. परंतु आपल्या भागातील पाड्यांवर पत्ता सापडत नाही, फोन लागत नाही, घर बंद असते, आणि परत आणलेल्या पार्सलाचा मोबदला पुष्कळदा मिळत नसला तरी तेथवर जाण्यायेण्याचे पेट्रोल मात्र जळलेले असते. म्हणून हिशेब पार्सलांवरून न करता मोटारसायकलीच्या किलोमीटर-काट्यावरून करावा. गाडीच्या डिकीत एक लहानशी वही ठेवून दर रविवारी काट्यावरचा आकडा आणि त्या आठवड्यात घरकामासाठी झालेली धाव लिहून ठेवली, तर वर्षअखेर कोणालाही दाखविता येईल असा दाखला तयार होतो. आपल्या उदाहरणात वर्षभरात गाडी २६,००० किलोमीटर चालली, त्यांपैकी कामासाठी २१,८४०. म्हणजे धंद्याचा वाटा शेकडा ८४. लिटरला ५० किलोमीटर धरता पेट्रोल ५२० लिटर लागले आणि सरासरी १०० रुपये दराने त्याचे ५२,००० रुपये झाले. त्यातील ४३,६८० रुपये धंद्याचा खर्च. उरलेले पेट्रोल सासुरवाडीला, बाजाराला, जत्रेला जळले असेल. ते वजावटीत धरता येत नाही.

झाईच्या माणसाला येथे एक विशेष प्रश्न पडतो. हद्दीपलीकडे गुजरातेत राज्याचा कर कमी असल्यामुळे पेट्रोल स्वस्त मिळते, आणि साहजिकच टाकी तेथे भरली जाते. यात प्राप्तिकराच्या दृष्टीने काहीच गैर नाही. पावती कोणत्या राज्यातील आहे याला महत्त्व नसून प्रत्यक्ष दिलेल्या रकमेला आहे. मात्र खरेदी गुजरातेतील स्वस्त दराने आणि नोंद महाराष्ट्रातील चढ्या दराने, असे करू नये. रोख न देता मोबाइलवरून पैसे दिले तर बँकेचा उताराच पावतीचे काम करतो.

वाहनाच्या बाकी खर्चांपैकी दुरुस्ती, ऑइल, टायर, साखळी यांचे १३,००० आणि विम्याचे २,००० मिळून १५,००० रुपये झाले. त्यांचे शेकडा ८४ म्हणजे १२,६००. कर्जाच्या हप्त्यातील मुद्दल हा खर्च नव्हे, केवळ व्याज खर्च होय. व्याज ७,००० असेल तर त्यातील ५,८८० धरावे. ज्याला हा भेद ठाऊक नाही तो सबंध हप्ता वजा करतो, आणि शिवाय घसाराही मागतो. म्हणजे एकाच गाडीची किंमत दोनदा वसूल करतो. गाडीच्या किमतीची भरपाई घसाऱ्याच्या वाटेनेच मिळते. मोटारसायकलीला हा दर शेकडा १५ आहे. ९०,००० रुपयांची गाडी एप्रिलमध्येच घेतली असेल तर १३,५००, आणि त्याचा धंद्याचा वाटा ११,३४०. खरेदीच्या वर्षात १८० दिवसांहून कमी वापर झाला असेल तर दर निम्मा. भाड्याने चालणाऱ्या टॅक्सीला हाच दर शेकडा ३० मिळतो. मोबाइलचे कामापुरते २,५०० रुपये मिळविले की एकंदर खर्च ७६,००० होतो आणि खरा नफा २,३६,००० उरतो. वाहतूक पोलिसांनी केलेला दंड यात कोठेही येत नाही, कारण कायदा मोडल्याची शिक्षा हा धंद्याचा खर्च मानला जात नाही.

आता विवरणपत्राची निवड. कलम ४४-एडी प्रमाणे लहान व्यावसायिकाला हिशेबाच्या वह्या न ठेवता, बँकेमार्फत आलेल्या जमेच्या किमान शेकडा ६ आणि रोख जमेच्या किमान शेकडा ८ एवढा अनुमानित नफा जाहीर करून आयटीआर-४, म्हणजे ‘सुगम’, हे पत्रक भरता येते. आपल्या उदाहरणात शेकडा ६ म्हणजे १८,७२० रुपये. हा आकडा पाहताच पुष्कळ सल्लागार तोच भरून मोकळे होतात. माझे मत याच्या विरुद्ध आहे. पत्रकातील रकान्याचे शब्दच असे आहेत की शेकडा ६ किंवा मिळविल्याचे सांगितलेली रक्कम, यांपैकी जी अधिक असेल ती. वहीवरून नफा २,३६,००० असल्याचे ज्याला ठाऊक आहे त्याने २,३६,०००च लिहावे. त्याने कर वाढतो काय? मुळीच नाही. २०२५-२६ साठी नव्या करपद्धतीत ४ लाखांपर्यंत कर नाही, आणि एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर कलम ८७-ए च्या सवलतीने कर शून्यावर येतो. नुकसान मात्र कमी आकडा लिहिण्याने होते. उद्या हाच तरुण टेम्पोसाठी कर्ज मागावयास गेला की बँक बहुधा मागील दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागते, आणि वर्षाला १८,७२० रुपये मिळविणाऱ्याला हप्ता झेपेल असे कोणता अधिकारी मानील?

खरा आकडा लिहिण्याने आणखी एक वाद टळतो. मालवाहतुकीच्या वाहनांना ४४-एडी नव्हे तर कलम ४४-एई लागते, ज्यात लहान टेम्पोमागे दरमहा ७,५०० म्हणजे वर्षाला ९०,००० रुपये नफा धरला जातो. टेम्पोवाल्याचा प्रश्न स्पष्ट आहे. दुचाकीच्या बाबतीत व्यवहारात ४४-एडीच वापरले जाते. परंतु मोटार वाहन कायद्यातील मालवाहक वाहनाची व्याख्या, प्रत्यक्ष माल वाहण्यासाठी वापरलेल्या इतर वाहनांनाही कवेत घेण्याइतकी विस्तृत आहे. दोन्ही किमान आकड्यांहून अधिक नफा जाहीर केलेला असेल तर या शंकेतून कमी उत्पन्न दाखविल्याचा आक्षेप उद्भवत नाही.

आयटीआर-३ हे मोठे पत्रक ज्याचा नफा खरोखरच या किमान आकड्याखाली गेला आहे, किंवा ज्याचे उत्पन्न दलालीत गणले गेले आहे, त्याच्यासाठी. नवी मोटार कर्जाने घेऊन पगारी चालक ठेवणाऱ्याला पहिल्या वर्षी व्याज आणि घसारा मिळून तोटा येऊ शकतो. तो पुढील ८ वर्षांच्या धंद्याच्या नफ्यातून वळता करावयाचा तर वह्या ठेवून हे पत्रक मुदतीत भरावे लागते. मात्र एकदा ४४-एडी स्वीकारून पुढील ५ वर्षांत ते सोडले तर त्यानंतर ५ वर्षे तिकडे परतता येत नाही, आणि उत्पन्न करपात्र मर्यादेवर असल्यास लेखापरीक्षणही करून घ्यावे लागते. सोपे म्हणून आयटीआर-१ भरणाऱ्यांना तर सांगावेसे वाटते की त्या पत्रकात धंद्याच्या उत्पन्नाला जागाच नाही. सदोष विवरणपत्राची नोटीस येते आणि दुरुस्तीला साधारणतः १५ दिवस मिळतात.

आपल्या पार्सलवाहकाचे उत्पन्न ४ लाखांच्या आत असल्यामुळे विवरणपत्र भरण्याची त्याच्यावर सक्ती नाही. पण न भरल्यास कापलेले ३,१२० रुपये सरकारातच राहतात. ते परत हवे असतील तर बँक खाते संकेतस्थळावर आधी प्रमाणित करून घ्यावे, आणि पत्रक सादर केल्यापासून ३० दिवसांत आधारच्या सांकेतिक क्रमांकाने त्याची पडताळणी पुरी करावी. या पडताळणीवाचून भरलेले पत्रक न भरल्यासारखेच गणले जाते.