बिल्डरने सही नाही केली, तरी जमीन सोसायटीची

सोमेश्वरनगर परिसरातल्या ऊस लावणाऱ्या कोणालाही त्याच्या रानाचा गट नंबर विचारा. क्षेत्र किती आर, पोटखराबा किती, विहिरीत हिस्सा किती, इतर हक्कात कोणत्या सोसायटीचा बोजा, सगळं तोंडपाठ असतं. तोच माणूस मुलांच्या शिक्षणासाठी बारामतीत सदनिका घेतो, पंधरा वर्षं तिचे हप्ते फेडतो, आणि ती इमारत ज्या जमिनीवर उभी आहे तिचा सातबारा एकदाही काढून पाहत नाही. काढला, तर त्यावर त्याचं नाव नसतं, त्याच्या सोसायटीचंही नसतं. पुष्कळदा बिल्डरचंही नसतं! तिथे त्या मूळ शेतकऱ्याचं नाव असतं, ज्याने वीस वर्षांपूर्वी ती जमीन बिल्डरला विकसनासाठी दिली होती.

यात लबाडी असेलच असं नाही. शेतकरी बिल्डरला विकसन करारनामा आणि कुलमुखत्यारपत्र लिहून देतो. त्या बळावर बिल्डर बांधतो आणि सदनिका विकतो. आपण नोंदणीकृत करार करतो, मुद्रांक शुल्क भरतो, सूची क्रमांक दोन हातात येते, घरपट्टी आपल्या नावावर लागते. या सगळ्याने सदनिका आपली होते. जमीन मात्र आहे तिथेच राहते. जिना, गच्ची, आवार आणि खालची माती यांची मालकी सोसायटीकडे यायला आणखी एक दस्त लागतो, तो म्हणजे कन्व्हेयन्स. सरकारी कागदावर त्याला अभिहस्तांतरण म्हणतात.

महाराष्ट्रात हा दस्त करून देणं ही बिल्डरची मर्जी नाही. १९६३ साली आलेला सदनिका मालकी कायदा, ज्याला सगळे मोफा म्हणतात, त्याच्या कलम ११ ने हे बिल्डरचं कर्तव्य ठरवलं. करारात मुदत लिहिलेली नसेल, तर नियम ९ ती देतो: सोसायटी नोंदल्यापासून चार महिने.

मग बिल्डर का टाळतो? आळस हे एक कारण आहेच, पण खरं कारण चटई क्षेत्रात दडलेलं असतं. भूखंडावर किती बांधता येईल याचं प्रमाण सरकार वेळोवेळी बदलतं, आणि बहुधा वाढवतं. वाढलेलं प्रमाण जमिनीला चिकटून येतं, म्हणून जमीन ज्याच्या नावावर तो उद्या वर एक मजला चढवण्याची किंवा पुनर्विकासाची बोलणी करू शकतो. मोफाच्या नमुना करारनाम्यात लिहिलंय की उरलेलं चटई क्षेत्र सोसायटी नोंदेपर्यंत बिल्डरचं आणि नोंदल्यानंतर सोसायटीचं. पण कागदावर मालक दुसराच असेल, तर हे वाक्य अंमलात आणायला सोसायटीला प्रत्येक पायरीवर भांडावं लागतं.

कर्तव्य मोडलं तर मोफात कलम १३ खाली तीन वर्षांपर्यंतची कैद किंवा दंड आहे. मात्र बिल्डर तुरुंगात गेला तरी जमीन सोसायटीच्या नावावर होत नाही. दिवाणी दावा लावून करार पाळायला भाग पाडता येतं, पण त्यात एक पिढी जाऊ शकते. कायद्याने बिल्डरवर कर्तव्य घातलं होतं, आणि ते पुरं व्हायला त्याचीच सही लागत होती. ही अडचण चाळीसहून अधिक वर्षं तशीच राहिली.

२००८ मध्ये विधिमंडळाने यावर जो तोडगा काढला, तो मला आजही थक्क करतो. कलम ११ ला नवी पोटकलमं जोडली गेली, आणि २०१० मध्ये नियम आले. आता बिल्डर आला नाही, बोलला नाही, सही केली नाही, तरी कन्व्हेयन्स होतो. लोक याला डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतात, कायद्याच्या भाषेत मानीव अभिहस्तांतरण. विकणाऱ्याच्या सहीवाचून जमिनीचा दस्त नोंदला जावा, ही साधी गोष्ट नाही. बिल्डरने करारातच जमीन देण्याचं कबूल केलेलं असतं, पैसेही घेतलेले असतात. उरते फक्त सही, आणि तिच्यावाचून काम पुढे नेण्याची सोय कायद्याने करून ठेवली.

हे प्रत्यक्षात कसं चालतं, ते एका कल्पित सोसायटीवर पाहू. समजा सोमेश्वरनगरच्या बाजूला चाळीस गुंठ्यांच्या एका गटावर तीन इमारतींचा आराखडा मंजूर झाला. पहिली इमारत सोळा सदनिकांची, ती झाली आणि भरली. दुसरी अर्धी राहिली, तिसरी कागदावरच आहे. सोळा जणांनी जून २०१६ मध्ये सोसायटी नोंदली. ऑक्टोबरमध्ये चार महिने संपले. बिल्डर म्हणतो, तिन्ही इमारती पूर्ण झाल्या की एकदमच देऊ. वर्षं जातात.

पहिली पायरी सर्वसाधारण सभेचा ठराव, आणि त्यानंतर बिल्डरला कन्व्हेयन्ससाठी लेखी नोटीस. ही नोटीस पोच मिळेल अशा टपालाने पाठवायची आणि पोचपावती जपून ठेवायची, कारण पुढे तिच्यावरच प्रकरण उभं राहतं. मग नमुना ७ मध्ये अर्ज, त्यावर दोन हजार रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. अर्ज जातो सक्षम प्राधिकाऱ्याकडे. मोफासाठी हा अधिकार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांना दिला आहे. बारामती आणि इंदापूरच्या सोसायट्यांसाठी ते पुणे ग्रामीणचे जिल्हा उपनिबंधक. तालुक्याच्या सहाय्यक निबंधकाकडे सोसायटीची नोंदणी झाली म्हणून लोक अर्ज घेऊन तिथेच जातात, आणि एक फेरी फुकट जाते.

अर्जासोबत सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, सभासदांची यादी, सदनिकांचे नोंदणीकृत करार आणि त्यांच्या सूची दोन, सातबारा व फेरफार किंवा नगर भूमापनाची मिळकत पत्रिका, अकृषिक आदेश, मंजूर नकाशा, विकसन करारनामा आणि दस्ताचा मसुदा लागतो. बिल्डरकडे मागून न मिळणारे कागदही सरकारी दप्तरात असतात. करार आणि कुलमुखत्यारपत्र नोंदलेलं असेल तर त्याची नक्कल दुय्यम निबंधकाकडे मिळते, फेरफार तलाठ्याकडे, अकृषिक आदेश आणि नकाशा महसूल व नगररचनेच्या दप्तरात. भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर अर्ज अडतो, असा समज फार घट्ट आहे. २०१८ च्या शासन निर्णयाने त्याऐवजी सोसायटीचं स्वयंघोषणापत्र चालेल असं ठरवलं.

अर्ज आला की उपनिबंधक बिल्डरला आणि जमीनमालकाला नोटीस काढतात आणि सुनावणी घेतात. ते आले नाहीत तरी प्रकरण थांबत नाही. कायद्याने सहा महिन्यांची कमाल मुदत दिली आहे. कागद पटले, तर हस्तांतर एकतर्फी करण्यास हे प्रकरण योग्य आहे, असा दाखला मिळतो. मग दस्ताचा मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्याकडे अभिनिर्णयाला जातो. इथे एक गोष्ट सोसायट्यांच्या लक्षात येत नाही: सदनिका घेताना प्रत्येकाने पूर्ण मुद्रांक शुल्क भरलेलं असतं, आणि ते या दस्ताच्या शुल्कातून वजा होतं. म्हणून सोळाही करार नीट मुद्रांकित असतील, तर नवा बोजा किरकोळ राहतो. एखादा करार साध्या कागदावर केलेला निघाला, तर त्याचं शुल्क आणि दंड समोर येतो, आणि तो कोणी भरायचा यावरून सोसायटीत भांडण होतं. अखेर दुय्यम निबंधकाकडे नोंदणी. तोही बिल्डरला समन्स काढून हरकतीची संधी देतो, आणि मग दस्त नोंदतो. त्यानंतर तलाठ्याकडे फेरफार धरला की सातबाऱ्यावर सोसायटीचं नाव लागतं.

आता आपल्या सोळा सदनिकांना चाळीस गुंठ्यांतलं किती मिळेल? इथेच बहुतेक प्रकरणं लटकतात. सगळी जमीन मागितली तर उरलेल्या दोन इमारतींचं काय, हा प्रश्न बिल्डर बरोबर उचलतो. म्हणून आर्किटेक्टचा दाखला लागतो, आणि हिशेब मंजूर बांधकामाच्या प्रमाणात होतो. समजा तिन्ही इमारतींचं मिळून मंजूर बांधकाम ४,००० चौरस मीटर, आणि पहिलीचं त्यातलं १,०००. म्हणजे चौथा हिस्सा. चाळीस गुंठे म्हणजे ४,०४७ चौरस मीटर, त्याचा चौथा भाग सुमारे १,०१२ चौरस मीटर, म्हणजे दहा गुंठे. हा हिस्सा अविभक्त म्हणून मागता येतो, आणि रस्ते, मोकळी जागा यांच्या वापराचा हक्कही मसुद्यात लिहावा लागतो. करारात लिहिलंय त्याहून अधिक मागणारा मसुदा केला, तर बिल्डरच्या हातात आयती हरकत येते.

डीम्ड कन्व्हेयन्स जादूसारखा वाटला तरी त्याच्या मर्यादा स्पष्ट आहेत. दाखल्याने जमिनीचा डाग धुतला जात नाही. बिल्डरकडे जे हक्क होते, तेवढेच सोसायटीकडे येतात. बिल्डरने गटावर बँकेचं कर्ज उचललं असेल, तर ते इतर हक्कात बसून राहतं. जमीन भोगवटादार वर्ग दोनची असेल, तर हस्तांतराला वेगळी परवानगी लागते, आणि ती आधी झाली होती की नाही ते पाहावं लागतं. मूळ शेतकरी वारला असेल, तर वारसांना पक्षकार करावं लागतं. मुंबईतल्या अव्हॉन आर्केड सोसायटीच्या प्रकरणात २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सक्षम प्राधिकाऱ्याची चौकशी थोडक्यात उरकणारी असते, तो मालकीचा अंतिम निवाडा करत नाही, आणि ज्याला मालकीवर भांडायचंय त्याला दिवाणी न्यायालय उघडं आहे. हे सोसायटीच्या विरोधात वाचायचं कारण नाही. बिल्डरने मालकीचा वाद उकरून काढला म्हणून दाखला रोखायचा नाही, असाही त्याचा अर्थ निघतो.

दुसऱ्या वाटाही आहेत. ग्राहक आयोगाकडे जाता येतं. २०२२ मध्ये तिथूनच वर गेलेल्या समृद्धी सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने भोगवटा प्रमाणपत्र न मिळवणं ही सतत चालू राहणारी चूक मानली. त्या इमारतीतल्या लोकांना प्रमाणपत्राअभावी मालमत्ता कर २५ टक्के आणि पाणीपट्टी ५० टक्के जास्त भरावी लागत होती. प्रकल्प महारेरात नोंदलेला असेल, तर रेराच्या कलम १७ खाली कन्व्हेयन्सची तक्रार तिथे करता येते. रेरा आल्यावर मोफा संपला असं काही बिल्डर सांगतात. ते खरं नाही. रेराने राज्याचा २०१२ चा गृहनिर्माण कायदा रद्द केला, मोफा जिवंतच राहिला. माझ्या मते सोसायटी नोंदलेली असेल आणि करार हातात असतील, तर डीम्ड कन्व्हेयन्स हाच सगळ्यांत सरळ मार्ग, कारण तिथे नुकसानभरपाई मिळत नसली तरी जमीन मिळते.

पुणे जिल्ह्यातल्या वाचकांनी अर्ज भरण्याआधी एक गोष्ट तपासावी. या भागात अनेक इमारती सोसायटी नसून अपार्टमेंट असतात, १९७० च्या कायद्याखाली. तिथे घोषणापत्र आणि प्रत्येक सदनिकेचा स्वतंत्र दस्त असा कारभार असतो, आणि जमिनीतला अविभक्त हिस्सा सदनिकेसोबतच येतो. आपण कोणत्या खात्यात बसतो हे न पाहता अर्ज केला, तर सुनावणीचा पहिला दिवस तेवढ्यातच जातो.

येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर कन्व्हेयन्स घ्या, कागद जमवायला दोन सभासदांची नावं आणि तारीख ठरावात लिहा, आणि बिल्डरला नोटीस त्याच आठवड्यात पाठवा.