दोन ट्रान्झिस्टर आणि त्यांची शेपूट

ईसीजी काढताना हातापायांना चिमटे लावतात, छातीवर चकत्या चिकटवतात आणि कागदावर हृदयाची रेघ उमटू लागते. त्या रेघेतलं उंच टोक त्वचेवर मोजलं तर साधारण एक मिलिव्होल्टचं, म्हणजे व्होल्टच्या हजाराव्या भागाएवढं असतं. त्याच वेळी खोलीतल्या २३० व्होल्टच्या वायरिंगमुळे रुग्णाच्या अख्ख्या शरीरावर ५० हर्ट्‌झचं व्होल्टेज चढलेलं असतं. ते कधी कधी व्होल्टभरही होतं. हव्या त्या गोष्टीच्या हजारपट नको ती गोष्ट, आणि तरीही रेघ स्वच्छ येते.

याचं कारण असं, की विजेची ही घरघर दोन्ही हातांवर जवळजवळ सारखीच असते आणि हृदयाचं व्होल्टेज मात्र दोन हातांवर वेगवेगळं असतं. तेव्हा जे दोन्हीकडे समान आहे त्याकडे दुर्लक्ष करणारं आणि फक्त फरक मोठा करणारं सर्किट हवं. तेच डिफरन्शियल पेअर. ॲलन ब्लुमलाइन या ब्रिटिश इंजिनिअरने १९३६ मध्ये अशा जोडीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा ती व्हॉल्व्हची होती. तिचं इंग्रजी नाव मराठीत आणलं तर ‘लांब शेपटीची जोडी’ असं होईल. नावात शेपूट आहे ते योग्यच, कारण या जोडीचा सगळा गुण शेपटीत असतो.

रचना साधी आहे. एकसारखे दोन ट्रान्झिस्टर घ्यायचे. प्रत्येकाच्या बेसला एकेक इनपुट आणि प्रत्येकाच्या कलेक्टरवर एकेक रेझिस्टर. दोघांचे एमिटर एकत्र बांधायचे आणि त्या सांध्यातून खाली ऋण पुरवठ्याकडे एकच वाट ठेवायची. ही वाट म्हणजे टेल, शेपूट.

शेतातल्या पाटाचा विचार करा. पाटाला येणारं पाणी ठरलेलं आहे आणि त्यातून दोन वाफ्यांना दारं काढली आहेत. एक दार थोडं जास्त उघडलं की तिकडे पाणी वाढतं आणि दुसरीकडे तेवढंच कमी होतं. पण दोन्ही दारं सारखीच उघडली, तर कोणत्याच वाफ्याला जास्त पाणी मिळत नाही, कारण वाढवायला पाणीच नाही. शेपटीतून वाहणारा प्रवाह खरोखर पक्का असेल, तर ही जोडी अशीच वागते. एका इनपुटचं व्होल्टेज वाढलं आणि दुसऱ्याचं कमी झालं, की प्रवाह इकडून तिकडे सरकतो आणि कलेक्टरवर मोठा बदल दिसतो. दोन्ही इनपुट एकत्र वर गेले, तर एमिटरचा सांधा त्यांच्यासोबत वर जातो, पण प्रवाह तेवढाच राहतो आणि कलेक्टर जागचा हलत नाही.

खरी शेपूट इतकी पक्की कधीच नसते. ती किती कच्ची आहे, त्यावरून कॉमन मोड रिजेक्शन रेशो, म्हणजे सीएमआरआर ठरतो. फरक किती पटींनी मोठा होतो, भागिले समान भाग किती पटींनी बाहेर येतो, हे ते गुणोत्तर.

आकडे घेऊन पाहू. पुरवठा अधिक आणि उणे १२ व्होल्ट, कलेक्टरवर १० किलोओहमचे रेझिस्टर, शेपटीत १ मिलिअँपिअर. म्हणजे प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या वाट्याला अर्धा मिलिअँपिअर. ट्रान्झिस्टरच्या एमिटरला स्वतःचा एक आतला रोध असतो. खोलीच्या तापमानाला तो २५ मिलिव्होल्ट भागिले प्रवाह इतका येतो, इथे ५० ओहम. आउटपुट एकाच कलेक्टरवरून घेतला, तर फरकाची वाढ म्हणजे १० हजार भागिले दोनदा ५०, अर्थात १०० पट.

आता शेपूट म्हणून साधा रेझिस्टर लावला, तर १ मिलिअँपिअर वाहण्यासाठी तो ११.४ किलोओहमचा घ्यावा लागतो. दोन्ही इनपुट एकत्र हलले की सांध्याचं व्होल्टेज हलतं आणि या रेझिस्टरमधला प्रवाहही बदलतो. तो बदल दोघांत निम्मा-निम्मा वाटला जातो, म्हणून समान भागाची वाढ १० हजार भागिले दुप्पट ११.४ हजार, म्हणजे ०.४४ पट. १०० भागिले ०.४४ केलं की सुमारे २२८, डेसिबलमध्ये ४७. गंमत अशी, की या भागाकारातून कलेक्टरचा रेझिस्टर उडून जातो. शेपटीचा रोध भागिले एमिटरचा आतला रोध, एवढंच उरतं.

हजारपट घरघर असताना २२८ पुरत नाही. शेपटीचा रोध वाढवावा, तर पुरवठा परवडत नाही. एक मेगओहममधून १ मिलिअँपिअर ढकलायला हजार व्होल्ट लागतील. म्हणून तिथे तिसरा ट्रान्झिस्टर बसवतात. त्याच्या बेसवर लाल एलईडीने सुमारे १.८ व्होल्ट स्थिर ठेवायचे आणि एमिटरला १.२ किलोओहमचा रेझिस्टर लावायचा. कलेक्टरवरचं व्होल्टेज कितीही हललं, तरी हा ट्रान्झिस्टर १ मिलिअँपिअरच ओढत राहतो. बदलाला त्याचा विरोध हिशेबाने काही मेगओहम भरतो. जोडीतल्या ट्रान्झिस्टरांची स्वतःची गळतीही असते, म्हणून मी सावधपणे १ मेगओहमच धरतो. तेवढ्यानेही सीएमआरआर २० हजार होतो, म्हणजे ८६ डेसिबल.

टेबलावर मोजायचं तर दोन पायऱ्या आहेत. आधी एक इनपुट जमिनीला जोडून दुसऱ्याला १० मिलिव्होल्ट द्यायचे. कलेक्टरवर १ व्होल्ट दिसायला हवा. इथे जास्त देण्याचा मोह टाळावा, कारण २५ मिलिव्होल्टच्या पुढे जोडी सरळ वागत नाही आणि वाढ कमी भासते. मग दोन्ही इनपुट एकत्र बांधून ५ व्होल्टची लहर द्यायची. रेझिस्टरच्या शेपटीने २.२ व्होल्ट दिसतील, ट्रान्झिस्टरच्या शेपटीने जेमतेम २५ मिलिव्होल्ट. लहरीचं टोक चपटं दिसलं, तर आकडा टाकून द्यावा. समान व्होल्टेज कलेक्टरच्या ७ व्होल्टच्या वर गेलं, तर वरचे ट्रान्झिस्टर गुदमरतात. ते उणे १० च्या आसपास उतरलं, तर शेपटीचा ट्रान्झिस्टर गुदमरतो, आणि मग पक्का प्रवाह पक्का राहत नाही. तसंच, ५० हर्ट्‌झला छान आलेला आकडा १०० किलोहर्ट्‌झला तसाच येईल असं धरू नये. शेपटीच्या सांध्यावर ५ पिकोफॅरॅड जरी लपलेले असले, तरी त्या वेगाला तेच ३२० किलोओहमची चोरवाट होतात.

एवढं करूनही ईसीजीची रेघ थरथरू शकते, आणि तेव्हा जोडीत दोष शोधत बसणं व्यर्थ असतं. समजा एका चकतीखालच्या त्वचेचा रोध १० किलोओहम आहे आणि दुसरीखालचा १५, आणि यंत्राच्या प्रत्येक इनपुटचा रोध १० मेगओहम. शरीरावरच्या १ व्होल्ट घरघरीचा हिस्सा आता दोन्ही इनपुटवर सारखा पोहोचत नाही. ५ किलोओहमच्या तफावतीमुळे अर्धा मिलिव्होल्ट फरक म्हणून आत येतो, हृदयाच्या टोकाच्या निम्मा. जोडीच्या दृष्टीने तो खराच फरक आहे. ती तो इमानाने १०० पट करते आणि ८६ डेसिबल तिथे काहीच कामाला येत नाहीत. म्हणूनच चकती चिकटवण्याआधी तंत्रज्ञ त्वचा पुसून घेतात, जेल लावतात आणि सुकलेली चकती बदलतात. रेघेवर ५० हर्ट्‌झची बारीक नागमोड दिसली, की यंत्र उघडण्याआधी त्यांचा हात चकतीकडे जातो.