एकतिसावी जुडी

वलगावहून अमरावतीचा भाजीपाला बाजार फार दूर नाही. परंतु जाणाऱ्याला पहाटेच निघावे लागते. हर्रास सुरू झाल्यावर पोहोचणाऱ्याच्या वाट्याला निवडलेला माल उरत नाही. भाव थोडा उतरलेला असतो, हे खरे. पण तोवर ढिगाच्या तळाशी दबलेली मेथी गरम झालेली असते. जाणता विक्रेता जुडीच्या वरच्या हिरव्या पानांकडे पाहून सौदा करीत नाही. तो ढिगाच्या मध्यभागी हात घालतो. हाताला ऊब लागली, किंवा जुडीच्या बांधाजवळ पाने पिवळी व चिकट दिसली, तर तो माल दुपारपर्यंतही टिकणार नाही, हे त्याला कळते.

माल कसा निवडावा, हे वर्षा-दोन वर्षांत अंगवळणी पडते. किती घ्यावा, हा प्रश्न मात्र रोज पहाटे नव्याने उभा राहतो. कमी घेतला तर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतते. अधिक घेतला तर रात्री शिळी भाजी गाईगुरांपुढे टाकावी लागते. कापडाच्या किंवा धान्याच्या दुकानात उरलेला माल उद्या विकला जातो. पालेभाजीला उद्या नसतो.

या प्रश्नाचे उत्तर अंदाजापेक्षा हिशेबाने अधिक चांगले मिळते. वलगावात दुकान मांडणाऱ्या एखाद्या विक्रेत्याची मेथी उदाहरणादाखल घेऊ; आकडे समजण्यास सोपे असे धरले आहेत. मेथीची जुडी दुकानापर्यंत ८ रुपयांस पडते. यात हर्राशीचा भाव, हमाली, गाडीभाडे आणि अडत, सारे आले. २०१६ साली राज्यात फळे व भाजीपाला नियमनमुक्त झाल्यावर अडतीचा भार शेतकऱ्याऐवजी खरेदीदारावर आला. म्हणून ती धरल्याशिवाय खरेदीचा खरा भाव कळत नाही. ही जुडी १२ रुपयांस विकली जाते. सायंकाळी उरलेली जुडी २ रुपयांस काढावी लागते. म्हणजे विकलेल्या जुडीमागे ४ रुपये नफा आणि उरलेल्या जुडीमागे ६ रुपये तोटा.

आता मागील दहा दिवसांची मागणी चढत्या क्रमाने मांडू : २४, २७, २८, ३०, ३१, ३३, ३५, ३६, ४०, ४६. सरासरी ३३ येते. बहुतेक जण सरासरी पाहून ३३ जुड्या घेतील. धाडसी विक्रेता ‘कोणी परत जाऊ नये’ म्हणून ४० किंवा ४६ घेईल.

हिशेब असा करावा. प्रत्येक वाढीव जुडी घेताना एकच विचारावे : ही शेवटची जुडी दहापैकी किती दिवस विकली जाईल? तिसावी जुडी दहापैकी सात दिवस विकली गेली असती. सात दिवसांचा नफा २८ रुपये, तीन दिवसांचा तोटा १८ रुपये. म्हणजे ती घ्यावी. एकतिसावी जुडी सहा दिवस विकली गेली असती. नफा २४, तोटाही २४. घेतली काय, न घेतली काय, सारखेच. बत्तिसावी जुडी पाचच दिवस विकली जाते. तिच्यावर नफा २० आणि तोटा ३०. तेथे हात आखडावा.

दहा दिवसांची बेरीज हेच सांगते. रोज ३० जुड्या घेतल्या असत्या तर १०९० रुपये नफा राहिला असता. सरासरीप्रमाणे ३३ घेतल्या असत्या तर १०७०. ४० घेतल्या असत्या तर ८४०. एकही गिऱ्हाईक परत जाऊ नये म्हणून ४६ घेतल्या असत्या तर नफा ५४० वर येतो, म्हणजे निम्म्याहून कमी. दोन-तीन जुड्यांची चूक फारशी भोवत नाही; मोठी चूक मात्र महाग पडते.

हा विचार मुळात बँकेच्या तिजोरीपाशी झाला होता. फ्रान्सिस एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने १८८८ साली प्रश्न मांडला, की ठेवीदारांची मागणी भागविण्यासाठी बँकेने किती रोकड हाताशी ठेवावी? कमी ठेवली तर पत जाते, अधिक ठेवली तर व्याज बुडते. मेथीची जुडी आणि तिजोरीतील रोकड यांचे गणित एकच आहे.

बटाट्याला हाच नियम लावला तर उत्तर उलटे येते. उरलेला बटाटा उद्या विकला जातो. नुकसान होते ते थोड्या घटीचे आणि अडकलेल्या पैशाचे. म्हणून बटाटा सरासरीहून बराच अधिक आणावा. टमाटर या दोहोंच्या मध्ये आहे. अनुभवी विक्रेता निम्मे पिकलेले आणि निम्मे कच्चट टमाटर घेतो, म्हणजे उरलेले उद्या पिकून विक्रीस येतात. पावसाळ्यात मेथी महागली, की गिऱ्हाईकही घटते आणि उरलेल्या जुडीचा तोटाही वाढतो. भिजलेला पाला लवकर सडतो तो वेगळाच. तेव्हा संख्या दोन्ही कारणांनी कमी करावी.

या हिशेबात चूक शिरण्याच्या जागा दोन आहेत. पहिली वहीतच असते. ज्या दिवशी ३० आणल्या आणि ३० विकल्या, त्या दिवशी वहीत ३० लिहिले जातात. पण मेथी सकाळी अकरालाच संपली असेल, तर खरी मागणी ३० नव्हती. असे आकडे साठत गेले की विक्रेता हळूहळू कमी माल आणू लागतो आणि मागणीच घटली असे समजतो. उपाय साधा आहे : माल किती वाजता संपला, ती वेळ लिहावी, आणि त्यानंतर विचारणाऱ्यांसाठी एकेक रेघ ओढावी.

दुसरी जागा गिऱ्हाइकाच्या पिशवीत असते. मेथीला आलेली बाई सोबत टमाटर, मिरचीही घेते. मेथी नाही म्हणून ती परतली, तर ४ रुपयेच नव्हे, त्या सौद्याचाही नफा गेला. तो दर जुडीमागे २ रुपये धरला, तर गमावलेला नफा ६ आणि उरल्याचा तोटाही ६ होतो; मग ३३ हा आकडाही बरोबर ठरतो. वऱ्हाडात सांबार, म्हणजे कोथिंबीर, याच कारणाने दुपारपूर्वी संपू देत नाहीत. तिच्यावर स्वतंत्र नफा नसला, तरी तिच्याशिवाय पिशवी भरत नाही.

वहीशेजारी दिनदर्शिकाही हवी. जैन वस्तीत अष्टमी-चतुर्दशीला हिरव्या भाजीची मागणी उतरते आणि चातुर्मासात पालेभाजी अनेक घरांत बंदच असते. अन्य अनेक मराठी घरांत चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे चंपाषष्ठीला पुन्हा ताटात येते. अशा दिवसांचे आकडे रोजच्या आकड्यांत मिसळू नयेत. मागील वर्षीच्या त्याच तिथीचे पान उघडावे.

हा सारा हिशेब हर्राशीच्या गलबल्यात होत नाही. तो आदल्या रात्री, दुकान आवरल्यावर, उरलेल्या जुड्या मोजताना होतो. पहाटे केवळ भाव पाहून त्यात दोन-चार जुड्यांचा फेर करायचा असतो. ज्याने रात्री संख्या ठरविली नाही, तो स्वस्ताईच्या मोहाने माल उचलतो. आणि एकतिसाव्या जुडीपाशी थांबण्याऐवजी चाळिसावीपर्यंत जातो.