पाठीवरचा खो

पीटीच्या तासाला शिट्टी वाजते आणि 51 मुलं जागच्या जागी थांबतात. एक मुलगी मात्र पळतच राहते. चार-पाच पावलांनंतर तिला कळतं की आपण एकट्याच धावतोय. ती गर्रकन वळते, वर्ग हसतो आणि सर म्हणतात, "मघाशी ढोल वाजला तेव्हा बरोबर मान वळवलीस की! आता मुद्दाम करतेस काय?"

मुलगी मुद्दाम काही करत नसते. ढोलाचा घुमारा खालच्या पट्टीतला, त्याची बरीचशी ताकद काही शे हर्ट्झच्या आतली. शिट्टीचा आवाज साधारण 2000 ते 4000 हर्ट्झचा. कानातली नस किंवा आतला कान अधू असलेल्या बहुतेक मुलांचं ऐकणं आधी वरच्या पट्टीतच कमी होतं. त्यामुळे ढोल ऐकू येणं आणि शिट्टी न येणं, या दोन्ही गोष्टी एकाच कानाच्या बाबतीत खऱ्या असू शकतात. शाळेतला सगळ्यात कर्कश आवाज म्हणून ज्या शिट्टीवर भरवसा ठेवायचा, नेमका तोच या मुलांपर्यंत सगळ्यात कमी पोहोचतो.

मग कानाला लावलेलं यंत्र कशाला, असा प्रश्न पुढे येतोच. श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, पण सरांचा आवाज तेवढा निवडून काढणं त्याला पुरतं जमत नाही. शेजारच्या रस्त्यावरचा ट्रक, पलीकडे चाललेला पाचवीचा तास, पत्र्याच्या शेडवर आपटणारा चेंडू हे सगळंच मोठं होतं. त्यात मोकळ्या मैदानावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने पडतो. सर एक मीटरवरून 16 मीटरवर गेले की 24 डेसिबल गेले. गोंगाट मात्र तेवढाच राहिला. वर्गात पहिल्या बाकावर बसून नीट उत्तरं देणारी मुलगी मैदानावर हरवल्यासारखी का होते, याचा हा साधा हिशेब आहे.

अशा वर्गाला खो-खो शिकवायचा आहे, असं समजू. सहावीचा वर्ग, मुरमाड मैदान, एका बाजूला रस्ता, सकाळी दहाचं ऊन. त्या मुलीला मुक्ता म्हणू.

पहिला प्रश्न उभं राहण्याचा. सर सहसा सूर्याकडे पाठ करून उभे राहतात, कारण डोळ्यांवर ऊन नको. पण मग मुलांना त्यांचा चेहरा काळा ठिपका दिसतो, ओठ दिसतच नाहीत. ऊन सरांनी सोसायचं. मुलं नालेच्या आकारात, सर उघड्या तोंडाशी, अंतर दोन-तीन मीटर. मुक्ताची जागा अगदी मधोमध नको, मधल्यापासून थोडी बाजूला, जिथून सरही दिसतात आणि प्रश्न विचारणारी मुलंही. रस्ता तिच्या पाठीमागे असलेला बरा, कारण बऱ्याच यंत्रांतले माइक समोरचा आवाज पाठीमागच्यापेक्षा जास्त घेतात. एका कानाने बरं ऐकू येत असेल तर तो कान सरांकडे. आणि शिट्टी ओठांत धरून सूचना द्यायची सवय तर सोडलेलीच बरी, ती ऐकू येणाऱ्यांनाही कळत नाही.

दुसरी अडचण जास्त चिवट आहे. सर बसून दाखवतात आणि दाखवता दाखवताच सांगतात, "पाय असा मागे घ्या, बोटं रेषेच्या आत, नजर धावकावर." ऐकणारं मूल डोळ्यांनी पाय बघतं आणि कानांनी वाक्य घेतं. मुक्ताला दोन्ही कामं डोळ्यांनीच करायची आहेत. ती पायाकडे बघत असेल तर ओठ सुटले, ओठांकडे बघत असेल तर पाय सुटला. म्हणून आधी दोन वाक्यं, मग तोंड बंद ठेवून प्रात्यक्षिक, मग पुन्हा तिच्याकडे बघून एक वाक्य. प्रात्यक्षिकही एकदा समोरून आणि एकदा पाठमोरं करायचं. समोरून बघणाऱ्याला डावं-उजवं उलटं दिसतं आणि खो-खोत चौकोनातून कुठल्या बाजूला उठायचं हाच तर सगळा खेळ आहे.

इथे एक फसगत हमखास होते. सर विचारतात, "समजलं?" आणि मुक्ता मान डोलावते. कर्णबधिर मुलं ही मान डोलावणं फार लवकर शिकतात. पुन्हा पुन्हा विचारून सगळ्यांना थांबवण्यापेक्षा हो म्हटलेलं सोपं. ओळखायचं कसं? रांगेत ती कितवी उभी राहते ते बघावं. नेहमी शेवटची किंवा शेवटून दुसरी असेल आणि प्रत्येक कृती इतरांपेक्षा अर्धा सेकंद उशिरा करत असेल, तर ती सूचना घेत नाही, पुढच्याची नक्कल करते आहे. नक्कल छान जमते म्हणून सर खूश असतात, आणि पुढचा मुलगा चुकला की दोघं एकदम चुकतात. "समजलं?" ऐवजी "करून दाखव" म्हणावं, आणि ते एकट्या मुक्ताला न म्हणता तिच्यासह तिघाचौघांना.

आता खेळ सुरू करू. आणि इथे खो-खो हा गडी मोठा सोयीचा निघतो.

मधल्या पाटीवर आठ जण चौकोनांत बसतात, एकाआड एक उलट्या तोंडांनी. नववा धावकाच्या मागे. त्याने बसलेल्याच्या पाठीवर तळहात मारून मोठ्याने 'खो' म्हणायचं आणि मग त्याने उठायचं. म्हणजे उठण्याची खूण आवाजात आहे तशी स्पर्शातही आहे, आणि तीही मागून येणारी. मुक्ताला बदल करायचा असा काही उरतच नाही. तिला फक्त एक गोष्ट पक्की हवी, खोचा हात खणखणीत पडला पाहिजे. ओझरता हात लागला तर ऐकणारं मूल शब्दावरून उठतं. मुक्ता थबकते, कारण कधी कुणाचा कोपरही लागून जातो. म्हणून सगळ्या वर्गालाच सराव द्यायचा, पूर्ण तळवा, दोन खांद्यांच्या मध्ये. वर्गाचा खोही त्याने सुधारतो, हे आपलं जाता जाता.

धावक म्हणून खेळताना मात्र मुक्ताचं नुकसान होतं, आणि ते पूर्ण भरून निघत नाही. पाठीमागे 'खो' ऐकू आला की धावकाला न बघता कळतं की पाठलागावर नवा गडी आला. मुक्ताला मान वळवून बघावं लागतं, आणि प्रत्येक वेळी मान वळवली की पाऊल आखडतं. यावर दोन उपाय थोडेफार चालतात. खांबाला वळसा घालताना पाटी अख्खी नजरेत येते, तेव्हा बघून घ्यायची सवय लावायची. आणि मैदानाबाहेर बसलेल्या आपल्याच तुकडीतल्या एकीने तिच्या नजरेच्या टप्प्यात उभं राहून, खो झाला की हात ज्या बाजूला गडी उठला त्या बाजूला करायचा. शाळेच्या तासाला हे चालतं. स्पर्धेत चालेल का, ते पंचांना आधी विचारायला हवं.

राहिली थांबण्याची खूण. कुणी बाद झालं, फाउल झाला, वेळ संपली, या सगळ्याला शिट्टी असते. शिट्टी काढून टाकायची गरज नाही. शिट्टीबरोबर सरांचा हात सरळ वर, आणि तो हात बघणाऱ्या प्रत्येकाने आपलाही हात वर करून थांबायचं. अशी खूण मैदानभर पसरते. पाठमोऱ्या मुक्ताला सर दिसले नाहीत तरी समोरची हात वर केलेली चार मुलं दिसतात. हा नियम एकट्या मुक्तासाठी म्हणून सांगितला की दोन दिवसांत विसरला जातो. वर्गाचा म्हणून सांगितला की टिकतो.

झेंडा वापरायचा तर रंगाचा विचार करावा. कोकणातल्या तांबड्या मातीवर लाल झेंडा मातीत मिसळून जातो, हिरव्या झाडांसमोर हिरवा. पिवळा बहुतेक ठिकाणी उठून दिसतो. त्याहीपेक्षा हालचाल महत्त्वाची, कारण डोळ्यांच्या कोपऱ्याला रंगापेक्षा हलणारी वस्तू लवकर कळते. धरून उभं राहण्यापेक्षा झेंडा हलवलेला बरा. काही शिक्षकांना वाटतं की ढोल बडवला तर जमिनीतून कंप जाणवेल. लाकडी तक्तपोशीवर तो जाणवतो. मुरमाच्या मैदानावर तो जवळजवळ विरून जातो.

शर्यतीत डोळ्यांची खूण आणखी अवघड होते, कारण ओणव्या स्टार्टला मान खाली असते आणि सरांचा वर केलेला हात दिसतच नाही. कर्णबधिरांच्या जागतिक स्पर्धा 1924 साली पॅरिसपासून सुरू झाल्या. आज त्यांना डेफलिम्पिक्स म्हणतात. तिथे धावपटूसमोर दिवे असतात. लाल म्हणजे जागेवर, पिवळा म्हणजे सज्ज आणि हिरवा म्हणजे पळा. स्पर्धेत कुणालाच श्रवणयंत्र लावू देत नाहीत, त्यामुळे सगळे त्या दिव्यांवरच सुटतात. शाळेत दिवे नसतात. तिथे उभ्याने स्टार्ट घ्यावा, सरांनी रेषेपासून पाच-सहा मीटर पुढे, कडेला उभं राहून हात खाली आणावा आणि सगळ्यांनी हातावरच सुटावं. ऐकणाऱ्यांना टाळी आणि मुक्ताला हात असं केलं तर गणित बिघडतं. आवाजाला माणूस डोळ्यांच्या खुणेपेक्षा साधारण तीन-चार शतांश सेकंद आधी प्रतिसाद देतो, आणि शेजारची सुटली हे बघून सुटणारी तर त्याहून कितीतरी मागे राहते.

दोन गोष्टी पालकांना आधी विचाराव्यात. यंत्र काढायचं की ठेवायचं? घाम आणि पावसाचं पाणी यंत्राचे शत्रू आहेत आणि खो-खोत सूर मारताना ते कानावरून उडतं. कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर डोक्याला मार लागणाऱ्या खेळांबद्दल डॉक्टरांचंच ऐकायचं. यंत्र काढून ठेवलं की उरलंसुरलं ऐकूही जातं, म्हणजे त्या दिवशी खुणा दुप्पट चोख हव्यात. दुसरी गोष्ट तोलाची. ऐकण्याचं आणि तोल सांभाळण्याचं यंत्र आतल्या कानात शेजारी शेजारी आहे, त्यामुळे काही कर्णबधिर मुलांचा तोल डोळ्यांच्या भरवशावर चालतो. अशा मुलाला आंधळी कोशिंबीर खेळायला लावली किंवा डोळे मिटून एका पायावर उभं केलं तर ते धाडकन पडतं. सर त्याला भित्रं समजतात.

आंतरशालेय सामन्याच्या दिवशी एक काम नाणेफेकीआधीच करून घ्यावं लागतं. नियमात 'खो' शब्द मोठ्याने उच्चारायचा असतो. मुक्ताचा 'खो' कधी 'ओ' असा येतो, कधी नुसता श्वास. पंचाने तो ऐकला नाही तर फाउल. म्हणून कर्णधाराने मुक्ताला घेऊन दोन्ही पंचांकडे जायचं, तिला तिथेच एकदा कुणाच्या तरी पाठीवर हात मारून खो द्यायला सांगायचं, आणि हाच तिचा आवाज, शिट्टीबरोबर कृपया हातही वर करा, एवढं समोरच्या संघाच्या कर्णधारादेखत बोलून घ्यायचं. दोन मिनिटंही लागत नाहीत. मग नाणं उडवायचं.